सभासद तेवढेच, मग बदललं काय?

उदाहरण कल्पित आहे, पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते ओळखीचं वाटेल. पुण्यातली एक बाई मराठीत पॉडकास्ट करते. विषय जुन्या पेठा, वाडे आणि त्यांच्यातली माणसं. श्रोते थोडे पुण्या-मुंबईतले, बरेचसे न्यू जर्सी, लंडन, सिडनीकडचे. पॉडकास्टचे भाग सगळ्यांना फुकट ऐकता येतात. ज्यांना त्यापलीकडे काही हवं असतं, म्हणजे लांबलेल्या मुलाखती, नकाशे किंवा महिन्यातून एकदा गप्पांची बैठक, ते ‘पॅट्रिऑन’ या संकेतस्थळावर दरमहा पैसे भरून सभासद होतात. श्रेणी तीन आहेत. ‘श्रोता’ ३ डॉलरची, ‘सोबती’ ७ डॉलरची आणि ‘आधार’ १५ डॉलरची. १ मार्चला पैसे भरणारे सभासद १२० होते आणि ३१ मार्चलाही १२०च.

कोणी विचारलं तर ती सांगेल, ‘काही नाही, आहे तसंच आहे.’ त्या महिन्यात प्रत्यक्षात १२ जण आले, ९ जणांनी सभासदत्व रद्द केलं, ७ जणांनी श्रेणी बदलली आणि तिघांचे पैसे अडकले. हे सगळं घडूनही बेरीज जागची हलली नाही. सभासदांचा अहवाल वाचायचा तो यासाठीच. वरचा मोठा आकडा पाहायला अहवाल लागतच नाही.

पॅट्रिऑन हे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१३ साली जॅक कॉन्टी या संगीतकाराने सॅम यॅम या मित्राबरोबर ते काढलं. कलाकाराला त्याच्या चाहत्यांनी दरमहा थोडे थोडे पैसे द्यावेत, ही कल्पना. पुढे असाच व्यवहार यूट्यूबच्या ‘जॉइन’ बटणामागे आला, वृत्तपत्रांत आला, संग्रहालयांत तर तो आधीपासून होताच. प्रत्येकाचा अहवाल थोडा निराळा असतो. पॅट्रिऑनचा इथे घेतला, कारण त्यात प्रत्येक नोंदीचा अर्थ काय हे लिहून ठेवलेलं आहे आणि श्रेणीबदलाला स्वतःचं नाव आहे.

तिथे सभासदांची संपूर्ण यादी CSV फाइल म्हणून उतरवून घेता येते. फाइल एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये उघडली की पंचवीसेक रकाने अंगावर येतात. नाव, ईमेल, पत्ता, श्रेणी, रक्कम, शेवटचा हप्ता कधी आणि त्याचं काय झालं, असं बरंच. त्यातला पहिला महत्त्वाचा रकाना `Patron Status`. त्यात तीन गोष्टी दिसतात: `Active patron`, `Declined patron` आणि `Former patron`. म्हणजे चालू, पैसे अडकलेला आणि माजी. ‘नवा’ असा चौथा शब्द तिथे नाही, आणि असूही शकत नाही. दर्जा आजची स्थिती सांगतो. नवा येणं, सोडून जाणं, वरच्या श्रेणीत जाणं या घटना आहेत. यादी स्थितीची आणि प्रश्न घटनेचा, असा बेबनाव झाला की चुका होतात. अहवाल वाचताना होणारी निम्मी गफलत इथलीच आहे.

त्याआधी एक खबरदारी. २०२३पासून पॅट्रिऑनवर फुकट सभासदही होता येतं. त्यामुळे पानावर ‘सभासद’ म्हणून दिसणाऱ्या आकड्यात एक पैसाही न देणारे लोक मिसळलेले असू शकतात. फाइलमध्ये त्यांच्यासाठी `Free Member` असा वेगळा रकाना आहे. हिशेबाला बसण्याआधी त्यांना बाजूला काढायचं. फुकट सभासद झालेल्याने उद्या तीन डॉलर भरले, तर पैसे भरणाऱ्यांत तो नवा धरायचा, मग तो दोन वर्षं यादीत का असेना.

आता आपल्या पॉडकास्टकडे. १ मार्चला ‘श्रोता’मध्ये ८०, ‘सोबती’मध्ये ३० आणि ‘आधार’मध्ये १० जण होते. दरमहा येणं ६०० डॉलर. महिनाभरात बारा जण आले, त्यातले १० ‘श्रोता’ झाले, २ थेट ‘सोबती’. नऊ जणांनी रद्द केलं, ६ ‘श्रोता’ आणि ३ ‘सोबती’. चौघे ‘श्रोता’तून ‘सोबती’त चढले, एक ‘सोबती’तून ‘आधार’मध्ये. दोघे ‘आधार’मधून ‘सोबती’त उतरले. आणि ‘श्रोता’ श्रेणीतल्या तिघांच्या कार्डावरून पैसे आलेच नाहीत. महिनाअखेरीस ‘श्रोता’ ७७, ‘सोबती’ ३४, ‘आधार’ ९. बेरीज १२०.

इथे एक सापळा आहे आणि चांगले शहाणे लोक त्यात अडकतात. हिशेब करणारा माणूस प्रत्येक श्रेणीचा वेगळा तक्ता करतो. ‘श्रोता’त किती आले, किती गेले, मग ‘सोबती’त, मग ‘आधार’मध्ये. तसं केलं तर ‘श्रोता’त १० आले, ‘सोबती’त ८ आले (दोन नवे, चार खालून, दोन वरून) आणि ‘आधार’मध्ये १. बेरीज १९. बाहेर जाणारे, पैसे अडकलेले तिघे सोडून, १०, ४ आणि २, म्हणजे १६. मग अहवालात लिहिलं जातं: १९ नवे, १६ रद्द. पण नवे आले होते बारा आणि गेले होते नऊ. दोन्हीकडे बरोबर सात जास्त आहेत, आणि सात हाच श्रेणी बदलणाऱ्यांचा आकडा. प्रत्येक श्रेणीबदल एकदा ‘गेला’ म्हणून आणि एकदा ‘आला’ म्हणून मोजला गेला.

आपल्या गावच्या वाचनालयात ‘ब’ वर्गाचा सभासद ‘अ’ वर्गात गेला की लेखनिक ‘ब’च्या वहीत त्याच्या नावावर रेघ मारतो आणि ‘अ’च्या वहीत नाव लिहितो. दोन्ही वह्या बरोबर असतात. पण वर्षअखेरीस रेघा मोजून कोणी ‘एवढे सभासद सोडून गेले’ असं सांगितलं, तर मंडळाची बैठक उगाच गंभीर होईल. तिथे माणूस वाचनालयातच असतो, उलट जास्त पुस्तकं नेत असतो.

बेरीज दोन्ही प्रकारे १२०च येते, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. नव्यांतून गेलेले वजा केले की फरक तोच राहतो. बिघडतं ते प्रमाण. १२०मधले नऊ गेले तर साडेसात टक्के गळती. सोळा गेले असं धरलं तर तेरा टक्क्यांच्या वर. पहिला आकडा पाहून माणूस काम चालू ठेवतो, दुसरा पाहून दर कमी करायला निघतो. तपासायची खूण साधी आहे: सगळ्या श्रेणींच्या ‘आले’ची बेरीज आणि अख्ख्या यादीतले नवे, यांच्यात फरक दिसला तर तो फरक श्रेणीबदलांचा असतो. ‘गेले’च्या बाजूलाही तेवढाच फरक निघायला हवा. दोन फरक सारखे नसतील तर कुठेतरी माणूस निसटलाय.

पॅट्रिऑनची आतली नोंदवही ही चूक करत नाही. प्रत्येक सभासदाच्या नावाखाली घटनांचा इतिहास साठवलेला असतो, आणि संगणकाची जाण असलेला माणूस कंपनीने दिलेल्या मार्गाने तो काढू शकतो. त्यात घटनांचे प्रकार ठरलेले आहेत. `pledge_start` म्हणजे सुरुवात, `pledge_upgrade` म्हणजे चढ, `pledge_downgrade` म्हणजे उतार, `pledge_delete` म्हणजे रद्द, आणि `subscription` म्हणजे नेहमीचा हप्ता. एका सभासदाची कल्पित कहाणी, हप्त्यांच्या ओळी गाळून, अशी दिसेल:

```
2022-06-04  pledge_start      श्रोता
2023-01-15  pledge_upgrade    सोबती
2023-05-20  pledge_downgrade  श्रोता
2023-08-02  pledge_delete
2024-02-11  pledge_start      सोबती
```

पाच ओळींत एका माणसाचं या पॉडकास्टशी असलेलं नातं आलं. जूनमध्ये आला, सात महिन्यांनी चढला, मेमध्ये उतरला, ऑगस्टमध्ये गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत परत आला तो थेट ‘सोबती’ म्हणून. मधल्या दोन श्रेणीबदलांत त्याचं सभासदत्व तुटलेलं नाही. तुटलं ते ऑगस्टमध्ये. याच नोंदींत `pledge_relationship_start` नावाची एक तारीख असते, सध्याची सलग साखळी कधी सुरू झाली ते सांगणारी. श्रेणी बदलली तरी ती बदलत नाही, असं पॅट्रिऑनने स्पष्ट लिहिलंय. या माणसाच्या बाबतीत ती मे २०२३मध्ये पाहिली असती तर ४ जून २०२२ दिसली असती. आज ११ फेब्रुवारी २०२४ दिसेल, कारण साखळी नव्याने सुरू झाली. त्याने आजवर एकूण किती दिले तो आकडा मात्र जुने-नवे सगळे धरून असतो. म्हणून ज्याची सुरुवात परवाची आणि एकूण रक्कम मोठी, तो नवा नव्हे, परतलेला.

आपल्या बारा ‘नव्यां’कडे या नजरेने पाहिलं की दोघे जुनेच निघतात, दीड-दोन वर्षांनी परतलेले. आणखी एकाची गंमत वेगळी आहे. त्याला ‘श्रोता’तून ‘सोबती’त जायचं होतं. पण श्रेणी बदलायची सोय सापडली नाही म्हणून त्याने आधीचं सभासदत्व रद्द केलं आणि नव्याने ‘सोबती’ झाला. त्याच्या मनात चढ होता, वहीत मात्र एक `pledge_delete` आणि एक `pledge_start` पडलं. असा माणूस रद्द झालेल्या नऊंतही असतो आणि आलेल्या बारांतही. त्याला पकडायचा उपाय एकच, `User ID`. नाव लोक बदलतात, ईमेल बदलतात, हा क्रमांक बदलत नाही. दोन्ही याद्यांत एकच क्रमांक आणि मधे चार-दोन दिवसांचं अंतर, एवढं दिसलं की तो श्रेणीबदल समजायचा. म्हणजे खरोखर सोडून गेले आठ, आणि खरे नवे नऊ.

आता खरा गुंता आणि माझ्या मते अहवालातली सगळ्यात रंजक जागा. श्रेणी चढणं आणि उतरणं या दोन्ही घटना सारख्या दिसतात, पण त्या अमलात एका वेळी येत नाहीत. चढणाऱ्याला वरच्या श्रेणीचा लाभ लगेच हवा असतो आणि तो लगेच मिळतो. उतरणाऱ्याने चालू मुदतीचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे त्या मुदतीपुरता वरचा लाभ त्याच्याकडे राहतो. रद्द करणाऱ्याचंही तसंच. त्याने आज ‘रद्द’ दाबलं तरी भरलेला महिना त्याचा असतो. पूर्वी पॅट्रिऑनवर बहुतेकांचा हप्ता महिन्याच्या १ तारखेला कापला जायचा, तेव्हा हे निस्तरणं सोपं होतं. ज्याचा हप्ता ज्याच्या त्याच्या तारखेला, ही पद्धत आल्यावर महिन्याच्या कुठल्याही दिवशी काही माणसं अशी अधांतरी असतात.

त्यासाठी वहीत दोन वेगळे आकडे ठेवलेले आहेत. `currently_entitled_amount_cents` सांगतो की आज या सभासदाला किती रकमेच्या लाभांचा हक्क आहे. `will_pay_amount_cents` सांगतो की पुढच्या हप्त्याला तो किती देणार. रक्कम सेंटमध्ये असते, म्हणजे १५ डॉलर १५०० असे दिसतात. ज्याचं काही बदललेलं नाही त्याचे दोन्ही आकडे सारखे. ‘आधार’मधून उतरलेल्या आपल्या दोघांनी २० मार्चला बदल केला आणि त्यांचा पुढचा हप्ता १२ एप्रिलला आहे असं धरू. तर मधल्या काळात त्यांच्या नावापुढे पहिला आकडा १५०० आणि दुसरा ७००. रद्द केलेल्या नऊंतल्या ज्या पाचांची मुदत ३१ मार्चला संपलेली नाही, त्यांचा पहिला आकडा ३०० किंवा ७०० आणि दुसरा शून्य.

म्हणून ‘३१ मार्चला ‘आधार’मध्ये किती जण आहेत?’ या प्रश्नाची दोन खरी उत्तरं आहेत. महिन्याच्या बैठकीचं निमंत्रण पाठवायचं असेल तर अकरा: आधीचे दहा, चढलेला एक, आणि उतरलेले दोघे अजून त्या दहांतच आहेत. पुढच्या महिन्याचा खर्च ठरवायचा असेल तर नऊ. उतरलेल्या दोघांना बैठकीतून वगळलं तर ते भांडायला येतील, आणि त्यांचं बरोबर असेल. त्यांना धरून एप्रिलची मिळकत मांडली तर सोळा डॉलर कमी पडतील. लाभ वाटताना हक्काचा आकडा घ्यायचा, पैशाचा अंदाज बांधताना पुढच्या हप्त्याचा. कुणाला प्रवेश द्यायचा हे `Patron Status`वरून ठरवू नये, तो रकाना त्यासाठी अपुरा आहे.

श्रेणी ओळखताना रकमेवरही विसंबू नये. पॅट्रिऑनवर सभासद श्रेणीच्या दरापेक्षा जास्त पैसे स्वखुशीने देऊ शकतो. ‘श्रोता’मधली एखादी आजी ३ऐवजी ५ डॉलर देते, कारण तिला कार्यक्रम आवडतो आणि बैठकीला यायला वेळ नसतो. रक्कम वाढली, श्रेणी तीच. वार्षिक सभासदाचं उलटं. बारा महिन्यांची रक्कम एकदम दिसते. ती बाराने भागल्याशिवाय महिन्याच्या बेरजेत घालायची नाही. वार्षिक सभासदाने मार्चमध्ये नूतनीकरण बंद केलं आणि त्याचं वर्ष नोव्हेंबरात संपत असेल, तर रद्दची नोंद मार्चची आणि पैशाचा खड्डा नोव्हेंबरचा.

पैसे अडकलेले तिघे अजून राहिलेत. `Declined patron` हा दर्जा चालू आणि रद्द यांच्या मधला आहे. त्या माणसाने काहीच ठरवलेलं नसतं, त्याच्या बँकेने नकार दिलेला असतो. कार्डाची मुदत संपली, खात्यात पैसे नव्हते, नवं कार्ड आलं, अशी कारणं. भारतातल्या श्रोत्यांच्या बाबतीत आणखी एक कारण मोठं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांसाठी आधी ग्राहकाची वेगळी पडताळणी करून संमती नोंदवावी लागते, आणि दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना द्यावी लागते. ठरावीक रकमेच्या वरच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागतो. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२मध्ये १५,००० झाली. तीन डॉलर मर्यादेत सहज बसतात, पण संमतीची ती व्यवस्था विक्रेत्याने आणि बँकेने दोघांनी उभारलेली असावी लागते. जिथे ती नाही तिथे हप्ता परत जातो. त्यामुळे मराठी कार्यक्रमाच्या यादीत ‘अडकलेले’ कोण, हे पाहताना देशाचा रकाना शेजारी ठेवून पाहावा. न्यू जर्सीतल्या माणसाचा नकार बहुधा कार्डाचा असतो. पिंपरीतल्या माणसाचा नियमाचाही असू शकतो.

या तिघांना मार्चच्या रद्दमध्ये टाकायचं की चालूमध्ये? मी म्हणेन, दोन्हीकडे नाही, त्यांची तिसरी ओळ ठेवायची. रद्दमध्ये टाकलं तर गळती नऊची बारा होते, आणि एप्रिलमध्ये त्यांचं कार्ड चाललं की तेच ‘नवे’ म्हणून उगवतात. चालूत ठेवलं तर न आलेले नऊ डॉलर आले असं वाटतं. शेवटच्या हप्त्याचं काय झालं ते `Last Charge Status` सांगतो, आणि त्यात यशस्वी असा शब्द एकच आहे, `Paid`. `Pending` म्हणजे अजून ठरायचंय. महिन्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत यादी उतरवली तर असे बरेच दिसू शकतात, त्यांची धास्ती घेऊ नये. `Refunded` म्हणजे पैसे आले आणि परतही गेले. आणि या तिघांना एक साधी चिठ्ठी लिहावी: ‘तुमचा हप्ता पोचलेला नाही, कार्ड एकदा तपासाल का?’ सोडून गेलेल्याला परत आणण्यापेक्षा हे सोपं आहे, कारण हा गेलेलाच नाही.

सगळे आकडे पैशात मांडले की महिना नीट वाचता येतो. ६०० डॉलरवर सुरुवात. नव्यांचे ४४ आले. रद्द झालेल्यांचे ३९ गेले. चढलेल्या पाचांनी २४ वाढवले, उतरलेल्या दोघांनी १६ कमी केले. अडकलेले ९. शेवट ६०४. चार डॉलरची वाढ क्षुल्लक आहे, पण ती कुठून आली ते बघा. बारा नव्या माणसांनी रद्द आणि अडकलेल्यांची भरपाईसुद्धा पूर्ण केली नाही, चार डॉलर कमीच पडले. पुढे नेलं ते आधीपासून असलेल्या पाच जणांनी. आणि एक काळजीची गोष्ट: ‘आधार’चे दहापैकी दोघे उतरले. रद्दच्या ओळीत त्यांचा मागमूसही नाही, गळतीच्या टक्क्यातही नाही. एरवी १५ डॉलरच्या श्रेणीत काही बिघडलंय हे कुणाला कळलंही नसतं. मला विचाराल तर मार्चचा सगळ्यात बोलका आकडा हा. ‘आधार’ला कबूल केलेली बैठक दोन महिने झाली नसेल, तर उत्तर तिथेच आहे.

हे सगळं करायला फार कौशल्य लागत नाही, नेम लागतो. CSV फाइल उतरवलेल्या दिवसाची स्थिती दाखवते. ‘सोबती’त असलेला माणूस मागच्या महिन्यात कुठल्या श्रेणीत होता हे तिच्यात नसतं, कारण `Tier`च्या रकान्यात जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला फाइल उतरवून ठेवायची आणि दोन महिन्यांच्या फाइली समोरासमोर लावायच्या. दोन्हींत फक्त `Active patron` ठेवा. पहिल्या रकान्यात `User ID` आणि तिसऱ्यात `Tier` असेल, आणि मार्चचं पान `march` नावाचं असेल, तर एप्रिलच्या पानावर एका मोकळ्या रकान्यात हे सूत्र पुरतं:

```
=XLOOKUP(A2, march!A:A, march!C:C, "new")
```

ज्याच्यापुढे `new` येईल तो मार्चच्या यादीत नव्हता. ज्याच्यापुढे जुनी श्रेणी येईल आणि ती शेजारच्या श्रेणीशी जुळणार नाही, त्याने श्रेणी बदलली. उलटं, मार्चच्या पानावर एप्रिलचा शोध घेतला की गेलेले सापडतात. त्यांच्यातले `Declined patron` मूळ फाइलमध्ये पाहून वेगळे काढायचे.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. ५ मार्चला येऊन २५ तारखेला गेलेला माणूस दोन्ही फाइलींत नसतो. एका खास मुलाखतीसाठी ‘आधार’मध्ये चढून ती ऐकल्यावर खाली उतरलेला माणूस न बदललेला दिसू शकतो. असे लोक किती, हे घटनांच्या इतिहासातूनच कळतं. दुसरी मर्यादा वेळेची. इतिहासातल्या तारखा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. १ एप्रिलच्या पहाटे चारला पुण्यात कोणी सभासद झालं तर नोंद ३१ मार्चची पडते. स्वतःच्या मोजणीत आणि इतिहासात एक-दोघांचा फरक निघाला, तर आधी महिन्याच्या कडेच्या नोंदी तपासा.

फाइली वर्षभर साठवणार असाल तर एक विनंती. त्यांत लोकांची नावं, ईमेल, कधी घरचे पत्तेही असतात. तुलनेला त्यातलं काहीच लागत नाही. `User ID`, श्रेणी, रक्कम, दर्जा आणि शेवटच्या हप्त्याचा निकाल एवढे रकाने ठेवा, बाकीचे पुसून टाका आणि मगच ती फाइल मदतनीसाला पाठवा.